तीन नऊ आणि एक चूक

प्रयोगवह्या तपासताना एक वाक्य मला इतक्यांदा भेटतं की आता ते दिसलं की माझा लाल पेन आपोआप थांबतो. ‘आर-स्क्वेअर ०.९९९४ आला, त्यामुळे आपला आलेख ९९.९४ टक्के अचूक आहे.’ आज मी या एकाच वाक्याबद्दल बोलणार आहे. ते चूक आहे, हे तर आहेच. पण ते का चूक आहे आणि त्याच्या जागी काय लिहायचं, हे एका प्रयोगातूनच नीट कळतं.

प्रयोग साधा आहे, तुमच्यापैकी बहुतेकांनी केलेला. पाण्यातलं लोह मोजायचं. हायड्रॉक्सिलअमाइन घालून सगळं लोह फेरस रूपात आणायचं, अ‍ॅसिटेट बफर घालायचा, मग फिनॅन्थ्रोलिन. द्रावण नारिंगी-लाल होतं आणि ५१० नॅनोमीटरला त्याची शोषकता, म्हणजे अ‍ॅब्जॉर्बन्स, वाचायची. क्युव्हेट एक सेंटिमीटरची. माहीत असलेल्या तीव्रतेची द्रावणं करायची, त्यांचं वाचन घ्यायचं, बिंदू मांडायचे, रेषा बसवायची आणि तिच्यावरून अनोळखी नमुन्याची तीव्रता काढायची.

एका गटाने ०, २, ४, ६, ८ आणि १० मिलिग्रॅम प्रति लिटर अशी सहा द्रावणं केली. वाचनं आली ०.०००, ०.४००, ०.७९५, १.१८०, १.५५० आणि १.९००. संगणकाने रेषा बसवली आणि पडद्यावर हे उमटलं:

```
y = 0.1905x + 0.0183
R² = 0.9994
```

सगळे खूश. तीन नऊ दिसले की आपण सगळेच खूश होतो. मग त्यांनी तपासणीचा नमुना वाचला. हा नमुना वेगळ्या मूळ द्रावणातून मुद्दाम ०.३० मिलिग्रॅम प्रति लिटर करून ठेवलेला होता. शोषकता आली ०.०६०. समीकरणात घाला: ०.०६० मधून ०.०१८३ वजा, भागिले ०.१९०५. उत्तर ०.२१९. खरं उत्तर ०.३०. म्हणजे चूक २७ टक्क्यांची, आणि आर-स्क्वेअर म्हणतोय ०.९९९४.

गटातल्या एकाचा पहिला अंदाज, ‘सर, नमुनाच चुकीचा बनवला असेल.’ हा अंदाज मला फार आवडतो. रेषेवर कुणी शंका घेत नाही, बिचाऱ्या नमुन्यावर मात्र सगळे घेतात.

आता आर-स्क्वेअर नेमका काय मोजतो ते पाहू. सहा वाचनांची सरासरी काढा, ०.९७१ येते. प्रत्येक वाचन या सरासरीपासून किती दूर आहे त्याचा वर्ग करा आणि सगळे वर्ग मिळवा. बेरीज येते २.५४. ही वाचनांमधली एकूण चढउतार. आता प्रत्येक वाचन रेषेपासून किती दूर आहे त्याचेही वर्ग मिळवा. ही बेरीज ०.००१५. दुसरीला पहिलीने भागा, आलेला भागाकार एकातून वजा करा, ०.९९९४ मिळतात. बस, एवढंच. ‘शोषकतेतल्या चढउतारापैकी ९९.९४ टक्के भाग या सरळ रेषेने समजावला जातो’, इतकाच त्याचा अर्थ. किती बिंदू रेषेवर पडले, उत्तर किती टक्के बरोबर येईल, रेषा हाच योग्य आकार आहे का, यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर त्यात नाही.

आणि २.५४ हा आकडा कुठून आला ते बघा. आपण तीव्रता शून्यापासून दहापर्यंत ताणली म्हणून तो इतका मोठा झाला. मोठ्या आकड्याने भागलं की कुठलीही चूक लहान दिसते. कॅलिब्रेशनमध्ये तीव्रता आपण स्वतः निवडतो, चढउतार आपणच तयार करतो, त्यामुळे आर-स्क्वेअर चांगला येणार हे जवळजवळ ठरलेलंच असतं. वाईट आला तर काहीतरी ठार बिघडलंय हे कळतं. चांगला आला तर फारसं काहीच कळत नाही.

मग कळतं कशावरून? रेषेपासूनच्या अंतरांवरून, म्हणजे रेसिड्यूअलवरून. या गटाची अंतरं क्रमाने सांगतो: उणे ०.०१८, अधिक ०.००१, अधिक ०.०१५, अधिक ०.०१९, अधिक ०.००८, उणे ०.०२३. आकडे बाजूला ठेवा, नुसती चिन्हं बघा. उणे, मग चार अधिक, मग उणे. दोन्ही टोकं रेषेच्या खाली आणि मधला भाग रेषेच्या वर. ही कमान आहे. हाताच्या किंवा पिपेटच्या चुका असत्या तर चिन्हं कशीही पडली असती. बिंदू मुळात वक्रावर आहेत आणि आपण त्यांच्यावर पट्टी ठेवली, असं ही कमान सांगते. पट्टी वरच्या बिंदूंकडे झुकली, उतार कमी झाला आणि खालच्या टोकाला आंतरछेद उगाचच ०.०१८ इतका वर उचलला गेला. आपला नमुना नेमका त्या खालच्या टोकाला होता.

उतार कमी झाला हे स्वतंत्रपणेही पडताळता येतं. फेरस-फिनॅन्थ्रोलिनची मोलर शोषकता सुमारे ११,१०० आहे. तिला लोहाच्या अणुभाराने, मिलिग्रॅममध्ये ५५,८४५ ने, भागा. उतार यायला हवा ०.१९९. आपला आला ०.१९०५. चार टक्के कमी. हा हिशेब करायला दोन मिनिटं लागतात, आणि माझ्या मते तो आर-स्क्वेअरपेक्षा जास्त बोलतो.

वक्र का आला? शोषकता २ म्हणजे शंभरातला एकच भाग प्रकाश पलीकडे पोचतो. उपकरणात भटका प्रकाश, स्ट्रे लाइट, पाव टक्का जरी असला तरी डिटेक्टरला एकाऐवजी सव्वा टक्का दिसतो आणि २.०० च्या जागी १.९० वाचलं जातं. शोषकता ०.४ असताना पलीकडे चाळीस टक्के प्रकाश पोचत असतो, तिथे पाव टक्क्याने काही बिघडत नाही. म्हणून आलेख फक्त वरच वाकतो. दुसरं संभाव्य कारण म्हणजे फिनॅन्थ्रोलिन कमी पडणं. एका फेरस आयनाला तीन रेणू लागतात, आणि दहाच्या द्रावणापर्यंत तेवढं पुरलं नसेल तर रंगच कमी तयार होतो.

या दोघांपैकी कोण, हे ओळखायची युक्ती सोपी आहे. सगळ्यात गडद, रंग चढलेलं द्रावण पाण्याने बरोबर दुप्पट पातळ करा आणि वाचा. भटक्या प्रकाशाचा दोष असेल तर वाचन १.०० च्या आसपास येईल, म्हणजे दुप्पट केलं की २.०० परत मिळतं. अभिकर्मक कमी पडला असेल तर नुसत्या पाण्याने नवा रंग येणार नाही आणि वाचन ०.९५ च राहील. या गटाचं ०.९९ आलं. दोष प्रकाशाचा होता.

मग मी त्यांना सांगितलं, नमुना ०.३ च्या घरातला आहे ना, मग द्रावणंही त्याच घरातली करा. ०, ०.२, ०.४, ०.६, ०.८ आणि १.०. वाचनं आली ०.००१, ०.०४२, ०.०७८, ०.१२३, ०.१५७, ०.२०२. रेषेचा उतार ०.१९९३, आंतरछेद ०.०००९. आर-स्क्वेअर ०.९९९०. म्हणजे आधीपेक्षा कमी! एका मुलीचा चेहरा पडला. मी म्हटलं, नमुना घाला. उत्तर आलं ०.२९७. अंतरांची चिन्हं या वेळी अधिक, अधिक, उणे, अधिक, उणे, अधिक. कमान नाही.

आता दोन्ही रेषांची तुलना नीट करायची असेल तर बिंदू रेषेभोवती किती पसरलेत ते शोषकतेच्याच एककात काढा. अंतरांच्या वर्गांची बेरीज घ्या, बिंदूंच्या संख्येतून दोन वजा करून आलेल्या चाराने भागा आणि वर्गमूळ काढा. पहिल्या रेषेला ०.०१९, दुसरीला ०.००२७. उताराने भागलं की तीव्रतेत पहिलीला ०.१० आणि दुसरीला ०.०१४ मिलिग्रॅम प्रति लिटर. ‘वाईट’ आर-स्क्वेअरची रेषा सातपट घट्ट आहे. ती कमी ताणली होती म्हणून भागायला छोटा आकडा मिळाला, एवढाच तिचा गुन्हा.

इथे एक आडवळण घेतो, कारण हा सापळा मी स्वतः एकदा चांगलाच अनुभवलाय. ‘शून्य तीव्रतेला शोषकता शून्यच हवी’ असं म्हणून रेषा शून्यातून जायची सक्ती करतात. स्प्रेडशीटमध्ये असं लिहिलं की होतं:

```
=LINEST(B2:B7,A2:A7,FALSE,TRUE)
```

पहिल्या गटाच्या आकड्यांवर हे केलं तर आर-स्क्वेअर ०.९९९४ वरून ०.९९९७ वर चढतो. सुधारणा वाटते ना? पण अंतरांच्या वर्गांची बेरीज ०.००१५ वरून ०.००२१ झालेली असते, म्हणजे रेषा बिंदूंपासून आणखी लांब गेली. मग आकडा वाढला कसा? सक्ती केली की भागायचा आकडा सरासरीपासूनच्या अंतरांवरून निघत नाही, शून्यापासूनच्या अंतरांवरून निघतो. २.५४ च्या जागी ८.२० येतो. त्या दोन आर-स्क्वेअरची तुलनाच करायची नसते. मी केली होती, आणि अहवालात ‘फिट सुधारला’ असंही लिहिलं होतं. परीक्षकांनी बाजूला फक्त प्रश्नचिन्ह काढलं. उत्तर सापडायला मला आठवडा लागला.

तर वहीत लिहायचं काय? मी मुलांना जे लिहायला लावतो ते वाचून दाखवतो. ‘० ते १.० मिलिग्रॅम प्रति लिटर या पल्ल्यात सहा प्रमाण द्रावणांवर न्यूनतम वर्ग पद्धतीने सरळ रेषा बसवली. उतार ०.१९९३ लिटर प्रति मिलिग्रॅम, आंतरछेद ०.०००९, आर-स्क्वेअर ०.९९९०, रेषेभोवतीचं प्रमाण विचलन ०.००२७. रेसिड्यूअलमध्ये कमान दिसली नाही. नमुन्याचं एकच वाचन घेतलं. तीव्रता ०.३०, ९५ टक्के विश्वासपातळीला अधिक-उणे ०.०४ मिलिग्रॅम प्रति लिटर.’

यावर मागून एक प्रश्न आला होता, तो चांगला होता. ‘आर-स्क्वेअर ०.९९९० असताना अधिक-उणे ०.०४ म्हणजे तेरा टक्के झाले, इतके कसे?’ बिंदू फक्त सहा आहेत आणि वाचन एकदाच घेतलंय, म्हणून. तोच नमुना तीनदा वाचून सरासरी घेतली तर ०.०४ चे ०.०३ होतात. आर-स्क्वेअर मात्र जिथल्या तिथे राहतो. नमुना एकदा वाचला की तीनदा, हे त्याला ठाऊकच नसतं.