स्क्रीनशॉट समितीपुढे ठेवला, पुढे काय?

समजा, पुण्यातल्या एका ऑफिसातली ही तक्रार आहे. रात्री पावणेबारा वाजता टीम लीडचा व्हॉट्सॲप मेसेज येतो: ‘उद्या साइटवर एकटीच ये. बाकीच्यांना सांगू नकोस.’ असेच चार-पाच मेसेज आधीही आलेले. ती स्क्रीनशॉट काढते, प्रिंट घेते आणि लैंगिक छळाच्या तक्रारीला जोडून अंतर्गत समितीकडे देते.

एवढ्यावर तक्रार उभी राहू शकते. समिती म्हणजे कोर्ट नव्हे. पुराव्याच्या कायद्याचे काटेकोर नियम खात्यांतर्गत चौकशीला तसेच्या तसे लागू होत नाहीत. कुणाचं म्हणणं जास्त संभवनीय वाटतं, हे समिती पाहते. त्यामुळे नुसता ‘स्क्रीनशॉट आहे’ म्हणून तो बाजूला सारता येत नाही.

पण तक्रारीची प्रत कामकाजाच्या सात दिवसांत समोरच्यालाही जाते, आणि उत्तराला त्याला कामकाजाचे दहा दिवस मिळतात. खरी कसोटी तिथून सुरू होते.

प्रिंटवर वर फक्त नाव दिसतं. ते नाव तिच्याच फोनमध्ये सेव्ह केलेलं. कुठलाही नंबर कुणाच्याही नावाने सेव्ह करता येतो, आणि तो हेच म्हणणार. मेसेज त्याचाच, हे तो कागद एकटा सांगू शकत नाही.

दुसरी अडचण तारखेची. त्याच रात्री काढलेल्या स्क्रीनशॉटवर तारखेच्या जागी नुसतं ‘आज’ असतं. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्यानुसार शेवटच्या प्रसंगापासून तीन महिन्यांत तक्रार द्यावी लागते. सबळ कारण असेल तर समिती आणखी तीन महिने वाढवू शकते. तेव्हा हे ‘आज’ नेमकं कधीचं, यावर अख्खी तक्रार अडू शकते.

तिसरं, कापाकापी. तिने त्याचे मेसेज ठेवले, स्वतःचं ‘ओके सर’ आणि स्मायली वगळली. तो पूर्ण चॅट घेऊन येतो. खरं तर वरिष्ठाला ‘ओके सर’ म्हणणं ही संमती नव्हे, हे समितीला समजावता येतं. लपवलेली ओळ त्याच्या हातून पुढे आली, की मात्र समजावणं जड जातं.

यावर उपाय फोनमध्येच आहे. समितीसमोर चॅट उघडायचा, नावावर टॅप करून नंबर दाखवायचा, मग तारखांसकट वर सरकत जायचं. हाच नंबर ऑफिसच्या नोंदीत त्याच्या नावावर असेल, तर पहिला आक्षेप बराचसा गळून पडतो. चॅट एक्स्पोर्ट केला तर प्रत्येक ओळीला तारीख-वेळ येते. पण ती साधी टेक्स्ट फाइल असते, कुणालाही बदलता येईल अशी. म्हणून ती फोनच्या जोडीला द्यायची, बदली म्हणून नाही.

प्रकरण कोर्टात गेलं तर नियम कडक होतात. जालन्याच्या निवडणूक वादातल्या खोतकर विरुद्ध गोरंट्याल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये सांगितलं: इलेक्ट्रॉनिक नोंदीची प्रत द्यायची तर ती कशी काढली हे सांगणारं प्रमाणपत्र हवं. 1 जुलै 2024 पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 मध्ये ही अट आहे. तक्रार मिटेपर्यंत तो फोन रीसेट करू नये, आणि एक्स्चेंजमध्ये तर मुळीच देऊ नये.