‘प्युअर कॉटन’ खरंच कॉटन आहे का? जाळून, चुरगाळून आणि ओलं करून बघूया

नमस्कार! हा छापील कपडा मुंबईच्या मंगलदास मार्केटमधला. दुकानदार म्हणाला, ‘प्युअर कॉटन.’ मी अर्धा मीटरच घेतला, कारण जाळून बघायचं तर घरी. कापडाच्या गल्लीत काडी पेटवायची नाही, दुकानदार परवानगी देत असला तरी.

पण दुकानात उभ्या-उभ्या बरंच कळतं. कपडा मुठीत दहा सेकंद घट्ट आवळा आणि सोडा. पॉलिएस्टर लगेच सरळ होतं. कॉटन आणि रेयॉन, दोन्हींना चुण्या पडतात. आता तो मुठीवरून लोंबता सोडा. कॉटन थोडं फुगून, कोन करत उभं राहतं. रेयॉन गार लागतं, जड वाटतं आणि पाण्यासारखं खाली येतं. (बघा, हा कसा पडतोय.) खळ दिलेला असेल तर मात्र हात फसतो, म्हणून कोपरा बोटांत चोळून मऊ करा आणि मग बघा.

आता घरी. कडेचे उभे आणि आडवे धागे वेगवेगळे काढा. हे महत्त्वाचं, कारण ताणा एकाचा आणि बाणा दुसऱ्याचा असू शकतो. चिमट्यात धरून, सिंकवर, शेजारी पाणी ठेवून पेटवा.

उभा धागा... पटकन पेटला, कागद जळल्याचा वास, राख करडी आणि बोटाने उडणारी. आडवा... तसाच. पॉलिएस्टर असतं तर धागा ज्योतीपासून आक्रसून वितळला असता, काळा धूर आला असता आणि टोकाला कडक मणी राहिला असता. मिश्रण असेल तर राखेत असे बारीक खडे लागतात. रेशीम असतं तर केस जळल्याचा वास.

म्हणजे कॉटन? नाही, इथेच बहुतेक जण थांबतात. रेयॉनही लाकडाच्या लगद्यातल्या सेल्युलोजपासून बनतं, त्यामुळे ते अगदी कॉटनसारखंच जळतं. आगीने हा फरक कळतच नाही.

तो पाण्याने कळतो. एक लांब धागा घ्या, मधोमध एकच थेंब लावा आणि दोन्हीकडून हळू ओढा. कॉटन ओलं झालं की उलट मजबूत होतं, त्यामुळे तुटलं तर कोरड्या भागात तुटतं. रेयॉन ओलं झालं की कमजोर पडतं. (ओढतेय... तुटला. ओल्या जागीच.) चार-पाच धागे करा, एखादा कच्चा धागा कुठेही तुटतो.

तर हे रेयॉन. पलाझोला छानच पडेल, मी घेईनही, पण रेयॉनच्या भावात. आणि धुतल्यावर पिळायचं नाही, ओल्यातच ते नाजूक असतं.