उंची नव्हे, बूड मोजा

[दृश्य: टेबलावर दोन राजे, शेजारी शेजारी. कॅमेरा टेबलाच्या पातळीवर.]

हे बुद्धिबळातले दोन राजे. दोघांच्या डोक्यावर एकच पट्टी आडवी टेकली आहे आणि ती जराही कलत नाही. दोघंही 95 मिलिमीटरचे. सोंगट्यांच्या खोक्यावर छापलेला असतो तो हाच आकडा.

[दृश्य: हात दोन्ही राजे उलटे करतो.]

आता खालून बघा. डावीकडच्याचं बूड 38 मिलिमीटर, उजवीकडच्याचं 44. फरक सहा मिलिमीटरचाच, पण पट कोणता घ्यायचा हे त्यावरच ठरतं.

स्पर्धेच्या साहित्यासाठी फिडेनं, म्हणजे जागतिक बुद्धिबळ महासंघानं, मापं सुचवली आहेत. राजा साधारण 9.5 सेंटिमीटर उंच, बूड उंचीच्या 40 ते 50 टक्के, आणि पटावरचं घर 5 ते 6 सेंटिमीटरचं. म्हणजे 38 चा राजाही नियमात बसतो आणि 44 चाही. नियम इथवर आणून सोडतो. या राजाला यातलं नेमकं कुठलं घर, ते आपण काढायचं. त्यासाठी सरावातला अंदाज असा, की राजाच्या बुडानं घराच्या बाजूचा तीन चतुर्थांश किंवा थोडा जास्त भाग व्यापावा. अमेरिकेत 78 टक्के हा आकडा रुळला आहे.

[दृश्य: कागदाची अरुंद पट्टी राजाच्या बुडाभोवती गुंडाळली जाते. सावकाश, एकही कट नाही.]

बूड गोल, त्यामुळे साध्या पट्टीनं मोजताना हात चुकतो. पट्टी मध्यावरून जरा सरकली की माप कमी भरतं. त्याऐवजी कागदाची पट्टी बुडाच्या सर्वांत रुंद भागाभोवती गुंडाळायची आणि जिथं टोक मिळतं तिथं खूण करायची. खाली चिकटवलेलं कापड बाहेर आलं असेल तर ते मोजायचं नाही. आता पट्टी सरळ करा. 138 मिलिमीटर. त्याला 3.14 नं भागलं की 44.

44 भागिले 0.78, म्हणजे 56 आणि वर थोडं. बाजारात सहज मिळणारं जवळचं माप 57, जुन्या भाषेत सव्वादोन इंच. या राजाचं घर तेच. 38 च्या राजाला याच हिशेबानं 49 येतं, म्हणजे त्याला 50 चं घर द्यायचं. 57 च्या घरात तो 67 टक्केच जागा धरतो, आणि पट ओसाड दिसतो.

[दृश्य: गुंडाळलेला व्हिनाइलचा पट उलगडतो. पट्टी एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत.]

पट मोजताना सगळ्यात मोठा घोटाळा काठामुळे होतो. हा पट 20 इंची म्हणून विकला जातो. वीसला आठनं भागलं तर घर अडीच इंचांचं निघतं, आणि ते खोटं आहे, कारण अक्षरं नि आकडे छापलेला काठ त्या विसात धरलेला असतो. पट्टी पहिल्या घराच्या बाहेरच्या रेषेपासून आठव्याच्या बाहेरच्या रेषेपर्यंत लावा. 457 मिलिमीटर. भागिले आठ, 57. एकच घर मोजू नका. एक मिलिमीटरची चूक तिथं पूर्ण लागते, आठ घरांत ती वाटली जाते.

[दृश्य: वरून. एका घरात चार प्यादी.]

आणि ही माझी आवडती चाचणी. घराची बाजू प्याद्याच्या बुडाच्या किमान दुप्पट असावी, ही फिडेचीच शिफारस. म्हणजे एका घरात चार प्यादी मावली पाहिजेत. या संचातल्या प्याद्याचं बूड 28. दोन प्यादी 56, घर 57. मावली. आता तीच चार प्यादी 55 च्या घरात ठेवू.

[दृश्य: चौथं प्यादं रेषेवर चढतं.]

एका मिलिमीटरनं चुकलं. राजा मात्र इथं 80 टक्क्यांवर आहे, अजून चालण्यासारखा. दोन चाचण्या भांडल्या तर मी राजाचं ऐकतो. काही संचांची प्यादीच बुडाला जाड असतात. त्यांच्यापायी एवढा मोठा पट घेतला तर बाकीच्या सोंगट्या हरवतात.

[दृश्य: 50 चा पट, त्यावर 44 चा राजा. किल्लेकोट करायला बोटं आत जातात.]

राजाच्या घरात इथं दोन्ही बाजूंना मिळून जेमतेम सहा मिलिमीटर उरलेत. बोट लागून सोंगटी पडली, तर ज्यानं पाडली त्यानं ती आपल्याच घड्याळाचा वेळ खर्चून पुन्हा लावायची, असा नियम आहे.

[दृश्य: तोच संच 57 च्या पटावर. तोच हात, किल्लेकोट. आवाज फक्त सोंगट्यांचा.]