फोटोतला पोचा

श्रोतेहो, नमस्कार. जुन्या गाड्या विकायला काढताना त्यांचे जे फोटो जाहिरातीत टाकतात, ते काढायचं आणि साफसूफ करायचं काम मी करतो. आज त्या साफसफाईबद्दलच बोलणार आहे.

माझ्या भाच्याने त्याची राखाडी रंगाची हॅचबॅक विकायला काढली. फोटो मीच काढले. संगणकावर बघताना तीन गोष्टी डोळ्यांत भरल्या. बॉनेटवर कबुतराची विष्ठा आणि धूळ होती. पुढच्या बंपरच्या कोपऱ्यावर ओरखडे होते. आणि डावीकडे मागच्या चाकावरच्या पत्र्याला, बशी दाबून ठेवावी असा एक पोचा होता. भाचा म्हणाला, "मामा, हे तिन्ही पुसून टाक ना. दोन मिनिटांचं तर काम."

दोन मिनिटांचं काम म्हणावं तर तसं खरंच आहे. पण तिन्ही गोष्टी एका मापाने मोजता येत नाहीत.

विष्ठा आणि धूळ मी काढून टाकली. बादलीभर पाणी आणि फडकं मारलं की जे गाडीवरून जाणार आहे, ते फोटोतून गेलं तर घेणाऱ्याचं काही बुडत नाही. विष्ठा बरेच दिवस राहून तिने रंगावर डाग पाडला असेल, तर तो डाग मात्र ठेवायचा, कारण तो पाण्याने जात नाही. नंबरप्लेट झाकणं, मागे वाळत घातलेले कपडे काढणं, फोटो अंधारा आला असेल तर उजळ करणं, हेही चालतं. हे सगळे दोष फोटोचे आहेत, गाडीचे नाहीत.

बंपरच्या ओरखड्यांवर नख फिरवून बघितलं. नख अडकलं नाही, तर ओरखडा बहुतेक वरच्या पारदर्शक थरात, म्हणजे क्लिअर कोटमध्येच असतो आणि रबिंग-पॉलिशने जातो. नख अडकलं, तर तो खाली रंगापर्यंत गेलेला असतो आणि तो भाग रंगवल्याशिवाय सुटका नाही. इथे दोन ओरखड्यांवर नख सरकलं, एकावर अडकलं. मी भाच्याला म्हटलं, पॉलिश खरोखर करून घे आणि मग फोटो काढू. त्याने ते केलं. दोन ओरखडे गेले, तिसरा राहिला आणि फोटोतही राहिला. पॉलिश न करता "पॉलिशने जाणारच आहे" म्हणून आधीच फोटोतून उडवणं मला पटत नाही. जाणार आहे म्हणजे गेलेलं नाही.

आता पोचा. ओरखडा म्हणजे रंगावरची रेघ, ती शेजारच्या रंगाने झाकता येते. पोच्याला वेगळा रंग नसतोच. तो दिसतो तो पत्र्यावर पडलेल्या प्रतिबिंबामुळे. गाडीच्या बाजूला समोरच्या इमारतीची कड, क्षितिजाची रेघ, झाडाची सावली वाहत असते. पोच्यापाशी ती रेघ वाकते, तुटते, तिथे एक उजळ आणि एक काळसर चंद्रकोर उमटते. म्हणून पोचा काढायचा, तर गाडीवरची ती सारी प्रतिबिंबं नव्याने रंगवावी लागतात. शेजारचा भाग उचलून वर चिकटवला की रेघा जुळत नाहीत. आपोआप पुसणारं हत्यार वापरलं की तेवढा भाग धुक्यासारखा गुळगुळीत होतो. बाकीच्या पत्र्यावर रंगाचे बारीक कण दिसतात, तिथे ते नसतात. मागच्या दाराची फट जिथून जाते, तिथे ती पुसट होते किंवा किंचित वाकडी येते. सराईत माणूस हेही सांभाळतो, पण त्याला तास लागतो. तेवढा वेळ घालवून कुणी सहज हात फिरवला असं म्हणता येत नाही.

आणि हा पोचा नुसता कुरूप नव्हता. दार बिजागऱ्यांवर बोल्टने बसवलेलं असतं, फार बिघडलं तर बदलता येतं. मागच्या चाकावरचा पत्रा बहुतेक गाड्यांत बॉडीला वेल्डिंगने जोडलेला असतो. तिथे मार बसला असेल, तर जाणकार घेणारा आधी दाराच्या फटी बघतो, मग डिकीचं झाकण उघडून आतली वेल्डिंग आणि रबर बघतो, मार आतपर्यंत गेलाय का म्हणून. म्हणजे तो पोचा एक खूण आहे. ती फोटोतून काढली, की घेणाऱ्याने विचारायचा प्रश्नच काढून घेतला.

भाच्याचा युक्तिवाद होता, "येऊन बघणारच आहेत ना?" बघतील. पण कोल्हापूरहून पुण्याला येणारा माणूस फोटो बघून सुट्टी काढतो, आणि बरेचजण त्याआधी टोकनही पाठवतात.

आपल्याकडे 1872 चा करार कायदा अजून चालतो. त्यातल्या 17 व्या कलमात फसवणुकीची उदाहरणं दिलीत, आणि त्यांत एक घोडा आहे. लिलावात घोडा विकणाऱ्याला माहीत आहे की घोडा धडधाकट नाही, पण तो काही बोलला नाही. कायदा म्हणतो, ही फसवणूक नाही. नुसतं गप्प बसणं एरवी फसवणुकीत मोजत नाहीत. मात्र घेणारा म्हणाला, "तू नाही म्हणाला नाहीस, तर मी घोडा चांगला धरतो," आणि विकणारा गप्प राहिला, तर ते गप्प बसणं बोलण्यासारखंच. आणि त्याच कलमात, माहीत असलेली गोष्ट कृतीने दडवणं, ही सरळ फसवणूक म्हटली आहे. पोच्याचा फोटोच न टाकणं हे पहिल्या घोड्याच्या जवळ जातं. पोचा पुसलेला फोटो टाकणं हे दडवणं झालं. गाड्यांचा धंदा करणाऱ्याला याशिवाय 2019 चा ग्राहक संरक्षण कायदाही लागतो. महत्त्वाची माहिती मुद्दाम लपवणारी जाहिरात त्यात दिशाभूल करणारी ठरते.

गंमत अशी, की काहीही न पुसता फसवता येतं. गाडीवर पाणी मारून लगेच फोटो काढला, की बारीक ओरखडे पाण्याने भरतात आणि उडालेला रंगही चकाकतो. काळोख्या भागाचा काळेपणा वाढवला, की दाराखालचा गंज त्यात बुडतो. रंग "थोडा खुलवला", की एखादं पॅनेल पुन्हा रंगवल्यामुळे आलेला छटेतला फरक नाहीसा होतो. व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीसारखा पाठवलेला फोटो आकसतो आणि ओरखडे स्वतःच खाऊन टाकतो. त्यात पाठवणाऱ्याचा हात असतोच असं नाही, पण काही विक्रेत्यांना तेच आवडतं, हे मी बघितलंय.

म्हणून घेणाऱ्यांनो, फोटोवर वाद घालत बसू नका. कोरडी गाडी, सकाळी किंवा संध्याकाळी तिरप्या उन्हात, तिच्याभोवती न थांबता एक फेरी मारलेला व्हिडिओ मागा. कॅमेरा सरकतो तशी प्रतिबिंबाची रेघ पत्र्यावरून सरकत जाते, आणि पोच्यापाशी ती वाकल्याशिवाय राहत नाही. समोर गेल्यावर रंगाची जाडी मोजणारं छोटं यंत्र मिळालं तर उत्तम. कंपनीतला रंग साधारण 100 ते 150 मायक्रॉनच्या आसपास असतो. आकडा दुप्पट झाला तर पॅनेल पुन्हा रंगवलंय, आणि हजारावर गेला तर खाली पुट्टी भरली आहे, असं समजा. बंपर प्लास्टिकचा असतो, त्यावर हे साधं यंत्र चालत नाही.

भाच्याच्या जाहिरातीत पोच्याचा जवळून काढलेला फोटो शेवटी गेला, शेजारी पाच रुपयांचं नाणं धरून, आकार कळावा म्हणून. खाली लिहिलं: डाव्या मागच्या पत्र्याला पार्किंगमध्ये खांब लागून पोचा, दुरुस्त केलेला नाही. ज्यांनी फोन केले त्यांनी त्या पोच्यावरूनच घासाघीस सुरू केली, आणि डेंटिंग-पेंटिंगला जो खर्च येणार होता, त्याच्या जवळपास रक्कम किमतीतून गेली. भाचा माझ्यावर थोडा नाराज आहे.