प्राण, चरण आणि माता : देशभक्तीच्या कवितेतले भारलेले शब्द

श्रोतेहो, नमस्कार.

ऑगस्ट जवळ आला की पुण्यात शाळाशाळांतून समूहगीतांच्या तालमी सुरू होतात. सोसायटीच्या झेंडावंदनाला कुणीतरी स्वतःची कविता म्हणतो, काव्यवाचन स्पर्धेच्या परीक्षकांपुढे वह्यांचा गठ्ठा येऊन पडतो. त्या गठ्ठ्यात हमखास सापडतील अशा दोन ओळी आजच्या बोलण्यासाठी मुद्दाम रचल्या आहेत. ऐका :

भारतमातेच्या चरणी हे प्राण आम्ही वाहू,
रक्ताने या मातीवर इतिहास नवा लिहू.

वृत्तात फारशी खोट नाही, यमक जुळलंय, टाळ्याही पडतील. तरी काहीतरी पोकळ वाजतंय असं कानाला जाणवतं. ते नेमकं कशामुळे, हे शब्दाला बोट लावून दाखवता येतं का? येतं. त्यासाठी कवीच्या मनात शिरायची गरज नाही, आणि ते शक्यही नाही. आपल्या हातात कागदावरचे शब्द असतात, तेवढे पुरतात.

पहिलं काम म्हणजे चाल काढून टाकायची. देशभक्तीची बहुतेक गीतं आपल्याला सुरांसकट पाठ असतात, आणि ताशा, बिगुल, समूहाचा आवाज यांनी अंगावर काटा येतो. तो काटा चालीचा की शब्दांचा, हे कळेनासं होतं. म्हणून कविता वहीत उतरवून घ्या आणि बातमी वाचावी तशी सपाट आवाजात वाचा. मग पेन्सिलीनं भारलेल्या शब्दांभोवती गोल काढा. भारलेला शब्द म्हणजे ज्याला आपण वाचण्याआधीच मान तुकवलेली असते असा शब्द. आपल्या दोन ओळींत भारतमाता, चरण, प्राण, रक्त, माती आणि इतिहास असे सहा गोल पडतात. उरतं काय, तर 'हे', 'आम्ही', 'या', 'नवा' असे सुटे शब्द आणि दोन क्रियापदं.

खरा उलगडा त्या क्रियापदांतच होतो. प्रत्येक गोलाला विचारायचं : हा शब्द इथे करतो काय? त्याच्या बाबतीत घडतं काय? 'प्राण वाहू', 'इतिहास लिहू'. दोन्ही भविष्यकाळी, दोन्ही 'आम्ही'च्या तोंडी. आत्ता, या क्षणी, कुणालाही काहीही झालेलं नाही. शिवाय भारतमाता काढून तिथे एखाद्या पक्षाचं, मंडळाचं, क्रिकेटच्या संघाचं नाव घाला. मात्रांची थोडी ओढाताण होईल, पण अर्थाला ओरखडासुद्धा उठणार नाही. ज्या ओळीत देशाचं नाव इतकं सहज बदलता येतं, ती ओळ त्या देशाविषयी काहीच सांगत नसते.

आता हेच तीन शब्द, चरण, प्राण आणि माता, एका जुन्या कवितेत पाहू. सावरकरांची 'सागरा प्राण तळमळला' आपल्या सगळ्यांना गाण्याच्या रूपानं माहीत आहे. सावरकर १९०६ साली बॅरिस्टर होण्यासाठी लंडनला गेले, त्याआधी ते इथल्याच फर्ग्युसन कॉलेजात शिकत होते. ही कविता १९०९ सालची, इंग्लंडमधल्या ब्रायटनच्या समुद्रकिनाऱ्यावर सुचलेली. चाल मनातून काढा आणि नुसते शब्द ऐका.

'ने मजसी ने परत मातृभूमीला, सागरा प्राण तळमळला.'

घोषणेत प्राण ही द्यायची वस्तू असते. वाहतात, अर्पण करतात, ओवाळून टाकतात. इथे प्राण वाक्याचा कर्ता आहे आणि त्याचं क्रियापद आहे तळमळणं. ते मराठीत तापानं फणफणलेल्या माणसाचं, झोप न लागणाऱ्याचं क्रियापद आहे. त्यात पराक्रम नाही. काळही बघा : तळमळला. घडून गेलेलं आहे, पुढे कधीतरी करू असं आश्वासन नाही. शिवाय पहिलाच शब्द 'ने' आहे. बोलणारा काही देत नाहीये, मागतोय. देशासाठी काही करण्याची भाषा सोडून आधी गयावया करणारा माणूस घोषणेत सहसा भेटत नाही, कारण घोषणेला बोलणारा असहाय दिसून चालत नाही.

पुढे चरण येतात. 'भूमातेच्या चरणतला तुज धूता मी नित्य पाहिला होता.' आपल्या रचलेल्या ओळीत चरण कुठे होते? कुठेच नाहीत, त्यांवर फक्त काहीतरी वाहायचं होतं. इथे चरणांना भूगोल आहे. समुद्र या भूमीच्या पायथ्याशी आहे, लाटा तिथे येऊन फुटतात, हे बोलणाऱ्यानं रोज पाहिलेलं आहे. 'नित्य पाहिला होता' हे शब्द साक्षीदाराचे आहेत. त्यातून एक तक्रारही उभी राहते : तू तर तिचे पाय धुणारा, तिच्या घरचा, म्हणून तुझ्यावर भरवसा ठेवला. 'अन्य देशि चल जाऊ, सृष्टीची विविधता पाहू' असं म्हणून तू मला घेऊन आलास, मला परत आणण्याचं वचन आईला दिलंस, आणि आता फेसानं हसतोस. सगळी कविता म्हणजे हे भांडण आहे. चरण हा शब्द त्या भांडणातला पुरावा म्हणून आला, म्हणून तो जड झाला नाही.

आता माता. घोषणेतली माता सिंहावर बसलेली, मुकुट घातलेली असते आणि तिच्याकडे मान वर करून पाहायचं असतं. इथली ओळ अशी : 'प्रासाद इथे भव्य परी मज भारी, आईची झोपडी प्यारी.' परक्या देशाचं वैभव नाकारलेलं नाही, प्रासाद भव्य आहेत हे मान्य करून टाकलंय. देशाला मोठं दाखवण्यासाठी दुसऱ्याला खुजं करावं लागलं नाही, ही मोठी खूण आहे. आणि आपल्याकडे काय आहे, तर झोपडी. मातृभूमी, भूमाता, जननी असे संस्कृत वळणाचे शब्द वापरत आलेला कवी नेमका इथे घरातलं 'आई' वापरतो. या कवितेतला सर्वांत कमी भारलेला शब्द सर्वांत जास्त वजन उचलतो.

आणखी एक ओळ गाताना पटकन निसटते. आपण गुण गोळा केले ते तिनं त्यांचा सुगंध घ्यावा म्हणून, असं सांगून कवी म्हणतो : तिच्या उद्धारासाठी ते खर्ची पडणार नसतील तर 'हा व्यर्थ भार विद्येचा'. शिकायलाच गेलेला माणूस शिक्षणाला ओझं म्हणतो आहे. प्रेमाची किंमत बोलणाऱ्याला स्वतःच्या हिशेबात मोजावी लागते आहे, आणि कशाच्या रूपात हेही दिसतंय. रक्त सांडण्याच्या ओळीत ही किंमत दिसत नाही, कारण ते रक्त कुणाचंच नसतं.

मग सगळी कविता अशीच का? नाही. शेवटाकडे 'आंग्लभूमी भयभीता', 'अबला न माझिही माता' असे शब्द येतात आणि सागराला अगस्तीची आठवण दिली जाते, ज्यानं त्याला एका आचमनात पिऊन टाकलं. इथे कविता घोषणेच्या सर्वांत जवळ जाते. तरी ती धमकी सागरालाच आहे, सुरुवातीपासून चाललेल्या भांडणातली आहे, म्हणून तोल टिकतो. ही ओळ वेगळी काढून फलकावर लावली तर ती निव्वळ गर्जना होईल.

इथे एक सापळा आहे. त्याच १९०९ साली कवीचे थोरले बंधू बाबाराव यांना देशभक्तीच्या कविता छापल्याबद्दल जन्मठेपेची शिक्षा झाली होती. हे कळलं की आपण कवितेला आपोआप जास्त गुण देतो. पण सोसलेल्या माणसाच्या हातूनही पोकळ ओळ लिहिली जाते. उलट कवी आवडत नाही म्हणून चांगली ओळ वाईट ठरत नाही. वाचताना चरित्र मिटून ठेवावं आणि शब्दांचा निकाल लागल्यावर उघडावं.

दुसरी चूक गोल मोजून निकाल देण्याची. साने गुरुजींचं 'बलसागर भारत होवो' घ्या. राष्ट्रार्थ, प्राण, सर्वस्व, ऐक्य, असे गोलच गोल पडतील. 'राष्ट्रार्थ प्राण हे उरले' म्हणजे पुन्हा प्राणच. पण इथली क्रियापदं वेगळं काम करतात. 'हे कंकण करि बांधियले' : व्रताचं कंकण हातात बांधून झालेलं आहे. 'हातात हात घेऊन', 'या कार्य करायाला हो' : समोरच्याला हाक आहे, आणि काय करायचं तेही सांगितलंय. हे उघडपणे जमावासाठी लिहिलेलं गीत आहे. त्याच्याकडून तळमळीचा बारकावा मागणं चूक ठरेल. एकत्र चालायला लावणारी हाक प्रामाणिक असू शकते. तिथे विचारायचं एवढंच, की ही हाक कामाकडे नेते की फक्त ओरडायला लावते.

ज्यांना नाव बदलून पाहण्याची कसोटी घरी करून बघायची आहे, त्यांच्यासाठी गोविंदाग्रजांचं महाराष्ट्रगीत उत्तम आहे, कारण त्यात दोन्ही प्रकारच्या ओळी शेजारी शेजारी आहेत. 'मंगल देशा, पवित्र देशा' इथे महाराष्ट्राच्या जागी कुठलाही प्रांत चालेल. 'राकट देशा, कणखर देशा, दगडांच्या देशा' म्हणताच सह्याद्री दिसू लागतो. स्तुती करायला बसलेला कवी दगडांचं नाव घेतो, आणि लगेच 'फुलांच्याही' म्हणतो, त्या 'ही'मध्ये दगड आधी कबूल केल्याची खूण राहते. 'अंजन कांचन करवंदीच्या काटेरी देशा' ही ओळ तर इथून हलवताच येत नाही. उन्हाळ्यात घाट चढताना करवंदाची जाळी हाताला ओरबाडते, तो काटा या ओळीत प्रेमासकट आलाय. त्याच गीतातली 'कर्त्या मर्दांच्या देशा' मात्र पुन्हा कुठेही चिकटेल अशी. स्पर्धेला हे गीत बसवणाऱ्या शिक्षकांनी एकदा मुलांना या सगळ्या ओळी चालीशिवाय वाचून दाखवाव्यात आणि कुठली ओळ बंगालला किंवा पंजाबला देता येईल ते विचारावं. सातवी-आठवीच्या मुलांना हे सहज जमतं. नंतर गाताना 'काटेरी'वर त्यांचा आवाज कसा पडतो तेही ऐकावं.

नमस्कार.