‘सहा महिने थांबा’ हे कोणी सांगितलं?

मंडळी, आज मला तीन गोष्टींवर बोलायचं आहे. गर्भ गेल्यानंतरचं दुःख, पुन्हा प्रयत्न कधी करायचा, आणि आधार कुठे मिळतो. संयोजकांनी पाऊण तास दिलाय. मला ओळखणारे आत्ताच हसताहेत, कारण पहिल्या मुद्द्यावरच माझा अर्धा तास जातो हे त्यांना ठाऊक आहे.

सुरुवात माझ्याच दवाखान्यातल्या चुकीने करते. एक जोडपं होतं. पहिलाच गर्भ, साडेनऊ आठवडे. सोनोग्राफीत ठोके दिसले नाहीत. आठवड्याने पुन्हा पाहिलं, तेव्हा खात्री झाली. तिने गोळ्या घ्यायचं ठरवलं. रक्तस्राव अकरा दिवस चालला. त्या अकरा दिवसांत त्याने काय केलं? सगळं केलं. औषधं आणली, सुट्टीचे अर्ज लिहिले, दोन्हीकडच्या आईवडिलांना फोन केले आणि घरातला गळणारा नळही दुरुस्त केला. (पुरुष दुःखात असला की घरातलं काहीतरी दुरुस्त होतं. हसू नका, इथे बसलेल्या निम्म्यांनी केलंय.) प्रत्येक फोनवर त्याला एकच विचारत, “ती कशी आहे?” तो कसा आहे, हे कोणी विचारलं नाही. मीही नाही.

दीड महिन्याने दोघं आली. ती बरीच सावरली होती. रडून झालं होतं, मैत्रिणीशी बोलून झालं होतं, पाळीही येऊन गेली होती. तिने विचारलं, “आता पुन्हा केव्हा?” तो लगेच म्हणाला, “सहा महिने थांबायचं असतं ना?” मला वाटलं, नवरा काळजी घेतोय. त्या ‘सहा महिन्यां’मागे काहीतरी लपवलंय, हे माझ्या लक्षात आलं नाही.

मग माझी तक्रार, जी मी गेली कित्येक वर्षं ऐकवतेय. पहिल्या भेटीतच आम्ही पुढच्या सगळ्या तपासण्यांच्या तारखा टाकून ठेवतो. गर्भ गेला की फाइल बंद होते, तारखा मात्र तशाच राहतात. गर्भ जाऊन अडीच महिने झाले आणि आमच्याकडून मेसेज गेला: “उद्या सकाळी अकराला विसाव्या आठवड्याची सोनोग्राफी आहे. कृपया वेळेवर या.” नंबर त्याचा होता, कारण फॉर्म त्याने भरला होता. आणि तो आला. अकराला, एकटा. मेसेज चुकीचा आहे हे त्याला माहीत होतं. बाहेरच्या बाकावर पोट पुढे आलेल्या चार बायकांच्या शेजारी बसला, आणि रिसेप्शनवरच्या मुलीने नाव विचारल्यावर त्याला बोलता येईना. ती घाबरून मला बोलवायला धावली.

तो आत येऊन तास-दीड तास बोलला. ठोके दिसले नाहीत तो पडदा त्याच्या डोळ्यांसमोरून हलत नव्हता. पुन्हा त्या खोलीत जायची भीती वाटत होती, म्हणून सहा महिने. बायको सावरतेय आणि आपण आता कोसळतोय, याची लाज वाटत होती, म्हणून घरी बोलला नव्हता. घरी तिची समजूत अशी, की याला काही वाटलंच नाही. एकाच घटनेची दोघांची घड्याळं वेगळी चालतात, आणि ज्याने सुरुवातीला सगळं सांभाळलं, त्याचं बऱ्याचदा मागे असतं. माझा आवडता मुद्दा एवढाच आहे. ‘पुन्हा केव्हा’ या प्रश्नात तिसरं घड्याळ शरीराचं, आणि तेच सगळ्यांत पुढे धावतं.

(चिठ्ठी आली. बारा मिनिटं. बघा, मी सांगितलं नव्हतं?)

तर शरीराचं घड्याळ. लवकर गर्भ गेल्यावर दोन-तीन आठवड्यांतच बीज बाहेर पडू शकतं, म्हणजे पाळी यायच्या आधीही दिवस राहू शकतात. रक्तस्राव थांबेपर्यंत संबंध टाळावेत, संसर्गाची भीती असते. एक पाळी येऊ द्या असं आम्ही म्हणतो, ते मुख्यतः पुढच्या गर्भाचे आठवडे मोजणं सोपं जावं म्हणून. आणि घरच्या लघवीच्या चाचणीवर लगेच विश्वास ठेवू नका. आधीच्या गर्भाचं संप्रेरक उतरायला काही आठवडे लागतात, तोवर दोन रेषा येऊ शकतात. दुसरी रेष पुसट होत जाते का, हे पाहायचं. होत नसेल तर रक्त तपासायचं.

सहा महिने आले कुठून? 2005 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांच्या बैठकीतून. आधार मुख्यतः लॅटिन अमेरिकेतल्या रुग्णालयांतल्या नोंदींचा, आणि त्यात आपोआप झालेले आणि करवून घेतलेले गर्भपात वेगळे काढलेले नव्हते. पुढे 2010 मध्ये स्कॉटलंडमधल्या तीस हजारांहून अधिक स्त्रियांच्या नोंदी तपासल्या, तर सहा महिन्यांच्या आत गर्भ राहिलेल्यांमध्ये पुन्हा गर्भपात उलट कमी होता. याचा अर्थ घाई केल्याने फायदा होतो असा नाही. ज्यांना चटकन दिवस राहतात त्यांची प्रकृती मुळात चांगली असू शकते. पण साध्या, लवकरच्या गर्भपातानंतर सहा महिने सक्तीने थांबायला कारण नाही, एवढं म्हणता येतं.

थांबावं लागतं ते वेगळ्या कारणांनी. द्राक्षगर्भ असेल, म्हणजे गर्भाऐवजी वारच द्राक्षांच्या घडासारखी वाढली असेल, तर संप्रेरक उतरून डॉक्टरांनी मोकळं करेपर्यंत. नळीतल्या गर्भासाठी मेथोट्रेक्सेट हे औषध दिलं असेल तर साधारण तीन महिने. उशिरा, पाचव्या-सातव्या महिन्यात गर्भ गेला असेल किंवा सिझेरियन झालं असेल, तर हे गणित लागू नाही. गर्भ का गेला ते आधी शोधायचं आणि टाक्यांचंही पाहायचं. आणि लागोपाठ दोन गर्भ गेले असतील, तर तिसऱ्याआधी तपासणीचा विषय काढा.

आधार. लंडन आणि बेल्जियममधल्या रुग्णालयांतल्या पाहणीत लवकर गर्भ गेलेल्यांपैकी महिन्याने 29 टक्के स्त्रियांत आघातानंतरच्या ताणाची लक्षणं दिसली, नऊ महिन्यांनीही 18 टक्क्यांत होती. म्हणजे तोच प्रसंग डोळ्यांसमोर येत राहणं, त्या जागा टाळणं, झोप उडणं, सतत सावध असणं. महिन्याभरात हे उतरत नसेल तर समुपदेशक किंवा मानसोपचारतज्ज्ञ. जीव द्यावासा वाटला तर त्याच दिवशी, वाट पाहू नका. समुपदेशक निवडताना फोनवर एकच प्रश्न विचारा: गर्भ गेलेल्या जोडप्यांसोबत तुम्ही काम केलंय का? सरळ उत्तर आलं नाही तर दुसरीकडे जा. प्रसूती विभागात समाजसेवक असतात, त्यांच्याकडे मदतगटांची माहिती असते. तिथे निदान “अगं, तरुण आहेस, होईल पुन्हा” असं कोणी म्हणत नाही.

त्या जोडप्याला मी समुपदेशकाकडे पाठवलं, पहिल्या दोन बैठका वेगवेगळ्या, मग एकत्र. हरवलेल्या बाळाची अपेक्षित तारीख उलटेपर्यंत थांबायचं, हे दोघांनी मिळून ठरवलं. पुढच्या वेळी सातव्या आठवड्यात सोनोग्राफी करून मागितली, आणि पडदा आधी मी एकटीने पाहायचा, मग त्यांच्याकडे वळवायचा, अशी अट घातली. रास्त अट होती. आता विचारतील त्या प्रत्येकासाठी तसं करते. आणि गर्भ गेला की पुढच्या तारखा माझ्या हाताने पुसते.

वेळ संपली. प्रश्न असतील तर मी खाली पाण्याच्या टाकीपाशी उभी आहे. पुरुषांनी आधी यावं. ते नेहमी सगळ्यांत शेवटी येतात, आणि तोवर मी निघालेली असते.