फरदड सोडली त्यांच्यासाठी

श्रोतेहो, नमस्कार.

तालुक्याच्या कार्यक्रमात मला कापसाचा पुरस्कार मिळाला, तेव्हा सूत्रसंचालकांनी हळूच बजावलं होतं, "ताई, दोनच मिनिटं, आणि आभार विसरू नका." दोन मिनिटांत आभार म्हणजे यादीच वाचायची. गावातल्या यादीचं तुम्हाला ठाऊकच आहे. लोक आपलं नाव येईपर्यंत कान देतात, आणि एखाद्याचं राहून गेलं की वर्षभर धुऱ्यावर बोलणं बंद. म्हणून तिथं मी नावं घेतली नाहीत, आज इथंही घेणार नाही. काम काय झालं ते सांगते. ज्यानं केलं त्याला ते ऐकताच कळेल.

माझ्या कापसात कवडी, म्हणजे किडका खराब कापूस, कमी निघाली, म्हणून हा पुरस्कार. कवडी कमी, कारण गुलाबी बोंडअळी कमी. 2017 साली या अळीनं विदर्भात काय केलं ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. बीटी कपाशीला ती आता जुमानत नाही. अंड्यातून निघाली की कोवळ्या बोंडात शिरते आणि शिरलेलं भोक बुजून जातं. मग वरून कितीही फवारा, औषध आत पोचत नाही. बोंड बाहेरून हिरवंगार, फोडलं की सरकी कुरतडलेली. तेव्हा तिला आधीच उपाशी मारावं लागतं, आणि ते माझ्या एकटीच्या वावरात होण्यासारखं नाही. पतंग रात्री उडतो, त्याला धुरा कळत नाही.

माझं वावर कोरडवाहू. डिसेंबरात वेचणी आटोपली की माझी पऱ्हाटी तशीही वाळते. फरदड घेण्याचा मोह मला पडायचं कारणच नाही. तो पडतो विहीरवाल्यांना. दोन पाणी दिलं, थोडं खत टाकलं की पऱ्हाटी पुन्हा पात्यावर येते आणि मार्चपर्यंत वरकमाईचा कापूस घरात येतो. पण त्याच हिरव्या बोंडांवर अळी उन्हाळ्यापर्यंत तग धरते आणि पुढच्या हंगामात आपल्या कपाशीवर येते. आमच्या शिवारातल्या विहीरवाल्यांनी हातचा कापूस सोडला, डिसेंबर सरता सरता पऱ्हाटी उपटली. कुणी त्या जागी उन्हाळी भुईमूग टाकला, कुणाचं वावर तसंच पडीक राहिलं. नुकसान त्यांनी सोसलं, शाल माझ्या खांद्यावर आली. मंचावर मला हेच सर्वांत आधी सांगायचं होतं.

उपटलेल्या पऱ्हाट्यांचं काय करायचं, हा पुढचा पेच. आमच्याकडे त्या चुलीसाठी घराशेजारी रचून ठेवतात. पण न फुटलेली, किडकी बोंडं काड्यांना लटकलेली असतात आणि अळी त्यांत दडून राहते. बायांनी रचण्याआधी ती बोंडं एकेक तोडली, गोळा केली, जाळली. वाळलेल्या बोंडाची टोकं टोचतात हो, बोटं सोलून निघतात. या कामाची मजुरी कुणी मागितली नाही आणि, खरं सांगते, कुणी दिलीही नाही.

जे खाली पडलं, ते मेंढ्यांनी खाल्लं. वेचणी संपल्यावर मेंढपाळांचा कळप शिवारात बसला, पालापाचोळ्याबरोबर बोंडंही साफ झाली. ती माणसं पुढच्या गावाला निघून गेली. त्यांची नावं मी यादी केली असती तरी लिहू शकले नसते, मला ती माहीतच नाहीत.

हंगामात शाळकरी पोरांनी कामगंध सापळे सांभाळले. सापळा म्हणजे वर मादीच्या वासाची गोळी, खाली पिशवी. नर पतंग वासानं येतो आणि पिशवीत अडकतो. पोरं सकाळी पिशवी सोडून पतंग मोजायची आणि पाटीवर लिहायची. एका सापळ्यात सलग तीन रात्री आठ-आठ पतंग आले की समजायचं, आता बोंडं फोडून पाहायची वेळ झाली. वावरभर फिरून वीस हिरवी बोंडं तोडायची. त्यांतल्या दोनांत जिवंत अळी निघाली तरच फवारणी. एकदा मी घाईनं पंप काढायला निघाले, तर एक पोरगी म्हणाली, "काकू, अजून एकाच बोंडात निघाली." पंप तसाच ठेवला. तो खर्च तिनं वाचवला.

अळी संपली असं मात्र समजू नका. शेजारच्या शिवारात फरदड उभी होती, आणि आमच्या शेवटच्या वेचणीत कवडी निघालीच. ती मी वेगळ्या गाठोड्यात बांधली, चांगल्या कापसात मिसळली नाही.

पुरस्काराच्या रकमेतून पुढच्या हंगामासाठी सापळ्यांच्या गोळ्या आणायच्या ठरल्या आहेत, सगळ्या शिवारासाठी. शेजारच्या गावालाही सांगून आलोय, की डिसेंबरात पऱ्हाटी उपटणार असाल तर सापळे आम्ही देतो. दोन विहीरवाले तयार आहेत, तिसऱ्यांशी बोलणी चालू आहेत.

नमस्कार.